तापलेल्या तव्यावरचा थेंब

बिडाचा तवा चुलीवर ठेवून त्यावर अधूनमधून पाण्याचा एकेक थेंब सोडत गेले, तर थेंबांच्या आयुष्याचा हिशेब मध्येच उलटतो. तवा कोमट असताना थेंब पसरतो आणि सावकाश सुकतो. तवा शंभर अंश सेल्सिअसच्या थोडा पुढे गेला की थेंब पडताच चर्र वाजते, फेस येतो आणि एक-दोन सेकंदांत तिथे काही उरत नाही. इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणेच आहे. तवा जितका तापतो तितका थेंब लवकर संपतो. मग तवा आणखी तापतो आणि चर्र वाजणे एकाएकी थांबते. पुढचा थेंब पसरतच नाही. तो पाऱ्याच्या गोळीसारखा गोल राहतो, तव्यावरून इकडून तिकडे सरकतो, मध्येच थरथरतो आणि चांगला मिनिटभर टिकतो. तवा आधीपेक्षा शंभर-दीडशे अंशांनी अधिक तापलेला असतो, आणि थेंब मात्र चाळीसपट जगतो.

घावन किंवा आंबोळी घालणारी बाई तव्यावर पाण्याचा हबका मारते, तेव्हा तिला या दोन अवस्थांतला फरकच पाहायचा असतो. पाणी चुरचुरत आटले तर तवा जेमतेम तयार आहे. गोळ्या होऊन पळू लागले तर तो जास्त तापला आहे आणि आच कमी करायला हवी, नाहीतर पीठ पसरण्याआधीच आळते. थेंब का पळतो हे माहीत नसले तरी त्याचा अर्थ तिने बरोबर लावलेला असतो.

हा प्रकार ज्याच्या नावाने ओळखला जातो तो योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट हा जर्मन वैद्य होता. र्‍हाइनकाठच्या डुइसबुर्ग विद्यापीठात तो शिकवत असे. हॉलंडमधल्या हर्मन बुर्हाव याने 1732 साली तापलेल्या धातूवरच्या थेंबांची नोंद केलेली होती, पण तिचा पाठपुरावा त्याने केला नाही. लायडेनफ्रॉस्टने तो केला. साध्या पाण्याच्या काही गुणांविषयी त्याने 1756 साली लॅटिनमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातले साहित्य पाहिले तर आजही हेवा वाटावा इतके साधे आहे: एक लोखंडी चमचा, निखारे आणि पाणी. चमचा लाल होईपर्यंत तापवायचा, त्यात एक थेंब टाकायचा आणि तो किती वेळ टिकतो ते मोजायचे. पहिला थेंब अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकला. तो संपल्यावर त्याच चमच्यात टाकलेला दुसरा थेंब साधारण दहा सेकंद, आणि त्यानंतरचे जेमतेम काही क्षण. दर वेळी चमचा थोडा निवत होता, आणि निवत्या चमच्यावर पाणी अधिक झटपट उडून जात होते.

त्याचे सगळ्यात मोलाचे निरीक्षण मात्र वेळाचे नव्हते. त्याने मेणबत्तीच्या उजेडात थेंबाकडे आडवी नजर लावून पाहिले. थेंब आणि लोखंड यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता. म्हणजे थेंब लोखंडावर टेकलेला नव्हता, अधांतरी होता. पुढच्या अडीचशे वर्षांत या विषयावर जे काही लिहिले गेले त्याचा पाया ही उजेडाची फट आहे. निष्कर्ष काढताना लायडेनफ्रॉस्ट चुकला. थेंब संपल्यावर चमच्यात मातीचा बारीकसा कण उरतो असे त्याला दिसले, आणि त्यावरून पाण्याचे रूपांतर मातीत होते असे त्याने मानले. तो कण मात्र खरा होता. त्याचे काम शेवटी येणार आहे.

थेंबाला उचलून धरणारी वस्तू म्हणजे त्याची स्वतःचीच वाफ. थेंब तव्याच्या जवळ पोचतो तेव्हा त्याच्या खालच्या बाजूचे थोडेसे पाणी लगेच वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशेपट जागा व्यापते. ही वाफ थेंबाखाली सापडते आणि कडेने बाहेर पडायला धडपडते. तवा पुरेसा तापलेला असेल तर बाहेर पडणाऱ्या वाफेच्या जागी नवी वाफ तेवढ्याच वेगाने तयार होत राहते. थेंब मग त्या वाफेच्या गादीवर बसतो. वाफ उष्णता फार वाईट वाहते. पाण्याच्या तुलनेत तिची वाहकता वीस-पंचवीसपट कमी असते. म्हणून थेंबाखाली गादी तयार झाली की तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत पोचता पोचता अडखळते.

उष्णता किती अडखळते, हे शिरो नुकियामा या जपानी अभियंत्याने 1934 साली मोजून दाखवले. त्याच्यासमोरचा प्रश्न थेंबाचा नव्हता, बॉयलरचा होता: गरम धातू उकळत्या पाण्याला जास्तीत जास्त किती उष्णता देऊ शकतो? त्याने उकळत्या पाण्यात बारीक तार बुडवून तिच्यातून वीज सोडली. विजेच्या मोजमापावरून तारेतून किती उष्णता बाहेर पडते ते कळत होते, आणि तारेच्या रोधावरून तिचे तापमान. तार पाण्यापेक्षा दहा-वीस अंशांनी गरम झाली की तिच्यावरच्या बारीक खाचांतून बुडबुडे सुटू लागले. प्रत्येक बुडबुडा उष्णता घेऊन वर जात होता आणि त्याच्या जागी ताजे पाणी तारेला येऊन भिडत होते. धातूकडून उष्णता काढून घेण्याचा याहून चांगला मार्ग नाही. वीज वाढवली तसे बुडबुडे वाढले, आणि तारेचे तापमान फारसे न वाढता उष्णतेचा ओघ वाढत गेला.

हे अमर्याद चालत नाही. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर वॅट एवढा ओघ झाला की बुडबुड्यांची इतकी दाटी होते की ते एकमेकांत मिसळतात. तारेभोवती वाफेचे अखंड कवच तयार होते आणि पाण्याला तारेपर्यंत वाट राहत नाही. विजेला त्याचे काय! ती उष्णता ओततच राहते. बाहेर जायचा रस्ता बंद झाल्याने तारेचे तापमान एका झटक्यात कित्येकशे अंशांनी उडी मारते. नायक्रोमची तार या उडीत वितळून तुटली. प्लॅटिनम अधिक उष्णता सोसते, म्हणून प्लॅटिनमची तार पाण्याखाली लाल होऊन जळत राहिली. मग वीज कमी करत आणली तेव्हा असे दिसले की कवच ज्या ओघाला तयार झाले त्या ओघाला ते मोडत नाही. ओघ त्याच्या किती तरी खाली आल्यावर कवच फाटते, पाणी पुन्हा तारेला भिडते आणि तार एकदम थंड होते.

तव्यावरच्या थेंबाच्या बाबतीत याच मोजमापांचा आलेख आडवा वाचायचा असतो. तव्याचे तापमान वाढवत नेले की उष्णतेचा ओघ आधी वाढतो, शिखर गाठतो, मग घसरतो आणि एका तळाशी येतो. शिखरावर थेंब सगळ्यात लवकर संपतो. तिथेच चर्र आवाज सगळ्यात मोठा असतो. तळाशी तो सगळ्यात जास्त टिकतो. त्या तळाच्या तापमानाला लायडेनफ्रॉस्ट बिंदू म्हणतात. त्याच्या पलीकडे तवा आणखी तापवला तर थेंबाचे आयुष्य पुन्हा हळूहळू कमी होऊ लागते, कारण गादी असली तरी तिच्यातून येणारा उष्णतेचा ओघ वाढतो आणि तवा लाल झाल्यावर प्रारण गादी ओलांडून थेट पोचू लागते. पण शिखरावरच्या त्या एक-दोन सेकंदांपर्यंत तो परत कधी येत नाही.

आता एक थेंब घेऊन हिशेब करता येतो. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारे साधारण वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होते. म्हणून एका थेंबाचे वजन धरू 50 मिलिग्रॅम. गोल धरला तर त्याचा व्यास साडेचार मिलिमीटर होतो. तवा 300 अंशांवर आहे. थेंब स्वतः शंभर अंशांच्या किंचित खाली राहतो. तो खदखदत नाही. त्याच्या पोटात बुडबुडे नसतात, फक्त पृष्ठभाग आटत जातो. म्हणून गादीच्या दोन बाजूंच्या तापमानांत दोनशे अंशांचे अंतर आहे. थेंब पूर्ण आटवायला सुमारे 113 ज्यूल उष्णता लागते.

थेंबाचा तळ किंचित चपटा असतो. त्याचे क्षेत्रफळ दहा चौरस मिलिमीटर धरले तर त्याचे वजन पेलायला गादीत वातावरणापेक्षा फक्त पन्नास पास्कल जास्त दाब पुरतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. हा दाब मिळवण्यासाठी गादी किती जाड असावी लागते, ते वाफेच्या चिकटपणावरून काढता येते. उत्तर येते 0.05 मिलिमीटर. लायडेनफ्रॉस्टने ज्या फटीतून उजेड पाहिला ती एवढीच, बारीक केसाच्या जाडीची. एवढ्या थरातून दर सेकंदाला सव्वा ज्यूलच्या आसपास उष्णता थेंबापर्यंत पोचते. 113 ला तिने भागले तर दीड मिनिट येते. हाच थेंब नुकियामाच्या शिखरावर तव्याला टेकून, पसरून अर्धा चौरस सेंटिमीटर झाला असता, तर त्याला दर सेकंदाला पन्नास ज्यूल मिळाले असते आणि दोन-सव्वादोन सेकंदांत तो संपला असता. चाळीसपट आयुष्याचा उलगडा एवढाच आहे. तव्यात उष्णता भरपूर असते, ती पोचवणारा कुणी नसतो.

या हिशेबात आणखी एक बाब आहे आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. गादी केसाएवढी पातळ असताना थेंब इतका निर्धास्त कसा राहतो? समजा काही कारणाने तो खाली दबला आणि फट निम्मी झाली. फट निम्मी म्हणजे उष्णता दुप्पट, म्हणून वाफही दुप्पट. ही दुप्पट वाफ निम्म्या फटीतून बाहेर काढायची तर तिचा वेग चौपट हवा. आणि अरुंद फटीतून चिकट वायू ढकलायला लागणारा दाब फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे आणखी चौपट. एकूण दाब सोळापट होतो. थेंब जेमतेम दबतो न दबतो तोच त्याला वर ढकलले जाते. तो वर गेला तर उलटे होते: वाफ कमी पडते आणि तो खाली येतो. कुणी न राखता ही फट स्वतःच स्वतःला राखते. म्हणूनच हबक्यातले मोठे-लहान सारे थेंब एकाच तव्यावर तरंगू शकतात. प्रत्येकाची फट त्याच्या वजनाप्रमाणे वेगळी असते, इतकेच.

दोनशे अंश हे अंतरही पाण्यापुरतेच आहे. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो. त्याच्या दृष्टीने खोलीतली 27 अंशांची फरशी हीच लालबुंद तव्यासारखी. प्रयोगशाळेत तो सांडला की त्याचे मणी फरशीवरून भिंतीपर्यंत धावतात आणि पुढची धूळ लोटत नेतात. गेल्या शतकाच्या आधी, 1840 च्या दशकात, फ्रान्समधल्या बुटिन्यी याने याच तत्त्वाचा एक चमत्कारिक प्रयोग करून दाखवला होता. लाल तापलेल्या मुशीत त्याने द्रव सल्फर डायऑक्साइड ओतला. तो वाफेच्या गादीवर तरंगत राहिला आणि स्वतःच्या उत्कलनबिंदूवर, म्हणजे उणे दहा अंशांच्या आसपास, थंडगार राहिला. त्यात थोडे पाणी घातले. लाल मुशीतून बर्फ निघाला.

तव्यावर हा बिंदू नेमका किती अंशांवर येतो, या प्रश्नाला एक आकडा नाही. गुळगुळीत, स्वच्छ धातूवर अलगद ठेवलेला छोटा थेंब दीडशे अंशांच्या पुढे तरंगू लागतो. बहुतेक स्वयंपाकघरांतल्या तव्यांवर दोनशेच्या आसपास धरावे. खडबडीत पृष्ठभागावर तो वर सरकतो, कारण गादी 0.05 मिलिमीटरची असेल आणि पृष्ठभागावरचे उंचवटे तेवढेच असतील, तर ते गादीतून वर येऊन थेंबाला टोचतात. उंचावरून पडलेला थेंबही आपटताना गादी फोडतो. मातीच्या तव्याची अडचण वेगळी आहे. माती उष्णता मंद वाहते, त्यामुळे थेंबाखालची जागा पटकन निवते आणि आजूबाजूची उष्णता तिथे वेळेत पोचत नाही. शिवाय मातीला छिद्रे असतात. मातीच्या तव्यावर पाणी नाचले नाही म्हणून तो तापला नाही असे समजणे चुकीचे ठरेल.

नुकियामाच्या तारेवर दिसलेला दुटप्पीपणा घरातही पाहता येतो. स्टीलचे सपाट बुडाचे भांडे चांगले तापवून त्यात चमचाभर पाणी सोडावे आणि थेंब तरंगू लागला की गॅस बंद करावा. भांडे निवत जाते. थेंब मात्र तरंगतच राहतो. ज्या तापमानाला नवा थेंब टेकताच चर्र झाला असता, त्याच्या खालीही हा आधीपासून तरंगणारा थेंब टिकून राहतो, कारण त्याची गादी तयारच असते. मग एका क्षणी ती कुठेतरी फाटते आणि सगळा थेंब एकदम फेसाळून उडतो. इथे चेहरा लांब ठेवावा. नॉनस्टिक भांडे या प्रयोगाला घेऊ नये, कोरडे ठेवून एवढे तापवले तर त्याचा लेप खराब होतो. आणि तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडून जो उडतो तो प्रकार याच्याशी गल्लत करण्यासारखा नाही. तिथे पाणी तेलाखाली बुडते, तेलाच्या आत एकाएकी वाफ होते आणि वरचे तेल उधळते. गादी वगैरे तिथे काही नसते.

गादी फाटण्याचा तो क्षण लोहाराच्या पोटापाण्याचा विषय आहे. कोयत्याच्या किंवा विळ्याच्या धारेला पाणी पाजायचे म्हणजे लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडवून झटकन थंड करायचे. पोलाद आठशे अंशांच्या आसपास असते, तेव्हा बुडवताच त्याच्याभोवती वाफेचे कवच चढते आणि पहिले काही क्षण ते अपेक्षेपेक्षा हळू थंड होते. पुढे कवच फाटते, पण सगळीकडे एकदम नाही. जिथे फाटले तिथले पोलाद झपाट्याने निवून कडक होते, जिथे टिकले तिथे मऊ राहते, आणि या ओढाताणीत पाते वाकते किंवा तडकते. म्हणून जाणता लोहार तापलेले पाते पाण्यात स्थिर धरत नाही, खाली-वर हलवतो. पाण्यात मीठ घालण्याचा उपायही जुना आहे. मिठाचे बारीक स्फटिक तापलेल्या पृष्ठभागावर बसतात, उडतात आणि कवचाला भोके पाडतात. कवच मोडले की काम झाले, हे त्याला आवाजावरून कळते.

थेंब धावतो कशामुळे, याचे निम्मे उत्तर घर्षणात आहे. टेकलेला थेंब धातूला चिकटून असतो आणि तवा बराच कलता केल्याशिवाय हलत नाही. तरंगणाऱ्या थेंबाला अडवायला फक्त गादीतली वाफ असते. कागदी हिशेबाने एकदा ढकललेल्या 50 मिलिग्रॅमच्या थेंबाचा वेग निम्म्यावर यायला दहा सेकंद लागावेत. म्हणून अगदी थोडा उतारही पुरतो. पंचवीस सेंटिमीटरच्या तव्याची एक कड दुसरीपेक्षा फक्त एक मिलिमीटर उंच असली, तरी मध्यावर सोडलेला थेंब सुमारे अडीच सेकंदांत कडेला पोचतो. पोळीचा तवा मध्ये खोलगट असतो. त्यावर थेंब वाटीत सोडलेल्या गोटीसारखा या कडेकडून त्या कडेकडे हेलकावे खातो. डोशाच्या सपाट तव्यावर तो सरळ पळून जातो.

पण तवा अगदी पाणसळीत ठेवला तरी छोटे थेंब थांबत नाहीत. ते आपणहून निघतात, आणि प्रत्येक थेंब वेगळ्या दिशेला. उतारामुळे होत असते तर सगळे एकीकडे गेले असते. तवा अर्धा फिरवून पुन्हा थेंब सोडले की हा फरक लगेच उघड होतो. याचे कारण बरीच वर्षे कुणाला नीट सांगता आले नव्हते. पॅरिसच्या संशोधकांनी 2018 साली थेंबात बारीक कण सोडून आतले पाणी कसे फिरते ते पाहिले. थेंब मोठा असताना आत दोन भोवरे असतात, एकमेकांविरुद्ध फिरणारे आणि एकमेकांना तोलून धरणारे. आटता आटता थेंबाची त्रिज्या दीड मिलिमीटरच्या खाली गेली की दोन भोवऱ्यांना पुरेशी जागा उरत नाही. तोल मोडतो आणि सगळे पाणी एकाच दिशेने फिरू लागते. थेंब आतल्या आत चाक होतो.

हे चाक रस्त्याला टेकलेले नाही, तेव्हा ते फिरल्याने पुढे जावे असे नाही. मधला दुवा गादीत आहे. आतल्या एकतर्फी फिरण्यामुळे थेंबाचा तळ अगदी किंचित कलतो, एका मीटरला काही मिलिमीटर एवढाच. गादी एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ होते. वाफेचा दाब नेहमी तळाला काटकोनात ढकलतो, आणि तळ कलला की त्या ढकलण्यातला छोटासा भाग आडवा होतो. परिणाम असा की थेंब सपाट तव्यावरही उतारावर असल्यासारखा वागतो. उतार त्याच्या पोटाखाली असतो आणि तो त्याला बरोबर घेऊन फिरतो. भोवरा कोणत्या दिशेला वळेल ते योगायोगावर असते, म्हणून प्रत्येक थेंबाची वाट निराळी.

ही वाट ठरवून देताही येते. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या हाइनर लिंके आणि सहकाऱ्यांनी 2006 साली पितळी पट्टीवर करवतीच्या दात्यांसारख्या तिरप्या खाचा पाडल्या. दात्याची एक बाजू सौम्य आणि दुसरी ताठ असल्यामुळे थेंबाखालची वाफ सगळीकडे सारखी न जाता एका बाजूला जास्त निसटते आणि थेंबाला ओढून नेते. अशा पट्टीवर सगळे थेंब एकाच दिशेने जातात, थोडासा चढही चढतात.

नाचणे ही सरकण्याहून वेगळी गोष्ट आहे. थेंबाला गोल ठेवतो तो पृष्ठताण. गोलावरून थोडे दाबले तर तो परत येतो, पण परतताना पलीकडे जातो आणि पुन्हा मागे. आपल्या 50 मिलिग्रॅमच्या थेंबाच्या बाबतीत हे सेकंदाला तीस वेळा होते. टेकलेल्या थेंबाची अशी थरथर लगेच विरते. अधांतरी थेंबाची विरत नाही, आणि खालून निघणारी वाफ तिला खतपाणी घालत राहते. चमचाभर पाण्याचा मोठा थेंब घेतला तर तो गोल राहत नाही, पाच मिलिमीटर जाडीच्या चकतीसारखा पसरतो. त्याच्या कडेला मग पाकळ्या फुटतात. दोन पाकळ्यांपासून तेरा पाकळ्यांपर्यंतच्या चांदण्या पाहिल्या गेल्या आहेत. पाकळी बाहेर येते, आत जाते, आणि तिच्या शेजारची जागा बाहेर येते. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतात, म्हणून पाकळ्या दुप्पट वाटतात.

चांदणी कशी चालते ते गादीतला दाब मोजल्यावर कळले. दाबात नियमित ठोके असतात, आणि पाकळ्या ज्या गतीने आत-बाहेर होतात त्याच्या बरोबर दुप्पट गतीने ते पडतात. झोक्यावर उभे राहून झोका घेणारे मूल नेमके हेच करते. एका पूर्ण झोक्यात ते दोनदा वाकते आणि दोनदा उठते, आणि झोका वाढत जातो. वाफ खालून मारत असलेले धक्के थेंबाच्या थरथरीशी असे जुळले की चांदणी उमलते. चकतीची त्रिज्या एक सेंटिमीटरच्या आसपास गेली की आणखी एक गंमत होते. मधली वाफ कडेपर्यंत पोचायला फार लांब पडते, तेव्हा ती थेंबाच्या मधोमध फुगा करून वर येते आणि ढेकर दिल्यासारखी फुटते. त्याहून मोठा थेंब शांतपणे तरंगू शकत नाही.

दीड मिनिटाच्या अखेरीला थेंब टाचणीच्या डोक्याएवढा होतो. तो जसा लहान होत गेला तशी त्याची फटही पातळ होत गेली, कारण हलक्या थेंबाला गादी कमी लागते. पुढे काय होते ते थेंब किती स्वच्छ आहे त्यावर ठरते. पाणी अगदी शुद्ध असेल आणि त्रिज्या मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी उरली, तर हिशेब पुन्हा उलटतो. एवढ्या लहान गोळ्याखाली चपटा तळ असा राहतच नाही. त्याचे वजन इतके कमी होते की सगळ्या अंगाने निघणारी वाफ त्याला पेलण्यापेक्षा जास्त ठरते. फट रुंद होऊ लागते आणि थेंब स्वतःच्या आकाराच्या कित्येक पट उंच हवेत उठतो. तो तव्यावर संपत नाही, वरच्या वर विरून जातो. असे उड्डाण 2012 साली प्रयोगात नोंदले गेले.

साध्या पाण्याच्या थेंबाला हे भाग्य क्वचितच लाभते. नळाच्या पाण्यात क्षार असतात, धूळ असते. पाणी आटत जाते आणि हे सारे मागे राहून कमी कमी होत चाललेल्या पृष्ठभागावर दाटते. शेवटी कणांचे जवळजवळ कवच होते आणि पाण्याला बाष्प होऊन निघायला जागा राहत नाही. वाफ मंदावली की गादी थेंबाला पेलू शकत नाही. दीड मिनिट अधांतरी राहिलेला थेंब पहिल्यांदाच तव्याला टेकतो, आणि टेकताच फुटतो. बेजिंग, ट्वेंटे आणि ब्रसेल्स इथल्या संशोधकांनी 2019 साली हा शेवट वेगवान कॅमेऱ्याने टिपला: पाण्यात मळ जितका जास्त, तितका थेंब मोठा असतानाच फुटतो. कान देऊन ऐकले तर या फुटण्याचा बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. लायडेनफ्रॉस्टने तो 1756 सालीच ऐकला होता आणि आवाजानंतर चमच्यात मातीचा कण उरतो हेही लिहून ठेवले होते. त्याने ज्याला पाण्यापासून झालेली माती मानले, ते थेंबाने सुरुवातीपासून आपल्याबरोबर आणलेले होते.